सातव्या पायरीचा रकाना

टाकीत गुदमरून फिटर गेला, त्याला महिना झाला होता. सुरक्षा अधिकारी बाई कारखान्याच्या, टाकीत उतरण्याच्या अकरा पानी कार्यपद्धतीची चेकलिस्ट करत होत्या: पायरी, कोण करणार, हाताशी काय हवं, मंजुरी कुणाची. सातव्या पायरीवर त्या अडल्या. ‘हवा तपासून आत उतरावे.’ तपासायचं कुणी, याचा पत्ताच नव्हता.

“मला वाटलं, त्यानं तपासली,” समोर बसलेले पाळीप्रमुख म्हणाले.

“त्याला वाटलं असेल, तुम्ही तपासली, काका.”

बाईंनी लिहिलं: तपासणारा गॅस तपासनीस, हाताशी मीटरचा आकडा. मंजुरीच्या रकान्यात काकांनी स्वतःचं नाव घातलं.

“नाव नको, पद लिहा. तुम्ही निवृत्त झालात तरी सहीशिवाय कुणी उतरता कामा नये.”

काकांनी नाव खोडलं आणि सावकाश लिहिलं: पाळीप्रमुख.