पत्रातली मोकळी जागा

सर कुणाचंही शिफारसपत्र स्वतः लिहीत नसत. वेळ नसतो असं ते सांगत. खरं म्हणजे कंटाळा. "तूच लिहून आण, मी सही करतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि मुलं त्यालाच उपकार समजत. बहुतेकजण स्वतःला इतकं हरभऱ्याच्या झाडावर चढवत की वाचताना सरांची चांगली करमणूक व्हायची. तरी ते सही करत. त्यांच्या खिशातून काय जाणार होतं?

खारूताई आली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. हे नाव तिला वर्गानं दिलेलं, कारण दुसऱ्यांनी टाकून दिलेलं काहीही ती उचलून साठवून ठेवायची. तिला मोठ्या संग्रहालयाच्या क्युरेटरच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. जागा मोजक्या, आणि कलेचा इतिहास शिकवणाऱ्याचं, म्हणजे सरांचं, पत्र असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. वडील नव्हते, शिकवलं मामानं, आणि मामाचं म्हणणं सरळ होतं: यंदा प्रवेश मिळाला तर उत्तम, नाहीतर आपल्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मामा काही वाईट माणूस नाही. पोरगी इतकी वर्षं पुतळे बघतेय, आता जरा फरशा बघेल, एवढाच त्याचा हिशेब.

आता पुतळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सरांच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. कॉलेजच्या तळघरात प्लास्टरच्या जुन्या प्रतिकृती पडून होत्या. पहिल्या वर्षाची मुलं त्यांच्यावरून चित्रं काढतात, नाकं फोडतात आणि शिपाई ती पुन्हा चिकटवतो. खारूताईनं त्या वर आणल्या, व्हरांड्यात मांडल्या आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे केली. बघणाऱ्याला दिसायच्या त्या फक्त पाठी: साच्याचे सांधे, आतल्या गंजक्या सळया, डागडुजीचे थर. प्रत्येकाखाली चिठ्ठी होती, कोणता भाग कधी मोडला आणि कुणी जोडला ते सांगणारी. त्याच संग्रहालयाच्या मुख्य बाई प्रदर्शनाला पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या एकेका पाठीपुढे बराच वेळ थांबल्या आणि मग सगळ्या स्टाफसमोर सरांना म्हणाल्या, "इतकी वर्षं हे तुमच्या पायाखाली होतं. तुम्हाला कसं नाही सुचलं?"

त्या सहज बोलून गेल्या. सर हसले आणि "आमच्या मुलांनी केलंय" म्हणाले. कोणत्या मुलांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. ज्या माणसाला आपल्याला कुणी हुशार म्हणावं याची जन्मभर भूक असते, त्याच्या मनातून असं वाक्य लवकर जात नाही. सरांच्या मनातून ते गेलंच नव्हतं.

खारूताईनं पत्र लिहायला घेतलं आणि तिथेच तिची पंचाईत झाली. सरांच्या तोंडून स्वतःची स्तुती करायची कशी? 'मेहनती आहे, वक्तशीर आहे, सांगितलेलं काम चोख करते, टिपणं नीटनेटकी असतात,' एवढं तिनं कसंबसं लिहिलं. प्रदर्शनापाशी येऊन हात अडला. ते तर सरांनीच लिहायला हवं, आपण आपल्याच कामाला छान म्हणणं किती ओंगळ दिसेल, असं तिला वाटलं. म्हणून मधे तिनं एका परिच्छेदाएवढी जागा मोकळी सोडली आणि कंसात लिहिलं, 'प्रदर्शनाबद्दल सरांनी लिहावं, ही विनंती.' तिच्या दृष्टीनं हा आदर होता. खुळी पोरगी, दुसरं काय.

सरांनी ते आपल्या खोलीत सावकाश वाचलं. हे पत्र असंच गेलं तर काय होईल, ते त्यांना नेमकं माहीत होतं. संग्रहालयाला वक्तशीर माणूस नको असतो, नजर असलेला हवा असतो. नुसतं मेहनती म्हटलं की तिथले लोक पान उलटतात. सरांनी कंस खोडला आणि मोकळी जागा मिटवली. खालचा मजकूर वर सरकला आणि पत्र कसं सुटसुटीत दिसायला लागलं. ते कॉलेजच्या लेटरहेडवर घेतलं, सही केली आणि संग्रहालयाकडून आलेल्या लिंकवर चढवलं. तिथे 'उमेदवाराची स्वतंत्र विचारशक्ती' असा एक रकाना होता. त्यात सरांनी 'समाधानकारक'वर खूण केली. वाईट असं एक अक्षरही त्यांनी लिहिलं नाही. जेवायला बसले तेव्हा ते खुशीत होते.

मुलाखतीला त्याच मुख्य बाई होत्या, शेजारी दोन परीक्षक. बाईंना प्रदर्शन चांगलं आठवत होतं, आणि त्याबद्दलच बोलणं सुरू झालं तसा खारूताईला धीर आला. मग बाईंनी पुढ्यातला कागद उचलला.

"हे प्रदर्शन तुमच्या एकटीच्या कल्पनेतून झालं, असं तुम्ही अर्जात म्हटलंय," त्या म्हणाल्या. "तुमचे सर मात्र त्याचा उल्लेखसुद्धा करत नाहीत. तुम्ही सांगितलेलं काम चोख करता, असं ते लिहितात. मग सांगितलं कुणी होतं?"

ते तिचंच वाक्य होतं. मोकळ्या जागेचं काय झालं, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि तोंड उघडायची सोय नव्हती. पत्र गोपनीय असतं, शिफारस करणाऱ्यानं ते स्वतः लिहायचं असतं, आणि तसं नसेल तर अर्ज रद्द होतो, या सगळ्याखाली तिनं सही केली होती. पत्र मीच लिहिलंय असं म्हणावं तर खेळ खलास. सर खोटं लिहितात असं म्हणावं, तर त्यांनी खोटं लिहिलं तरी कुठे होतं?

"कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच आहे," ती म्हणाली, पण आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच तो खोटा वाटला. एका परीक्षकानं घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी कागद खाली ठेवला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

नकार आला. ती सरांच्या खोलीत गेली, दारातच उभी राहिली आणि त्यांनी प्रदर्शनाबद्दल का लिहिलं नाही, एवढंच विचारलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती, तरी डोळे भरलेच.

"अगं, तू दिलंस तेच मी पाठवलं," सर म्हणाले. "तुझ्या शब्दाला हात लावला नाही. तुलाच स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही सापडलं नाही, तर मी काय करू?"

मग त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. पुढचं वर्ष मामाचं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

सरांनी नवा फ्लॅट घेतला तेव्हा ते बायकोला घेऊन मामाच्या टाइल्सच्या दुकानात आले. मुद्दाम आले की चुकून, कोण जाणे. काउंटरवर खारूताईला पाहून जराही अवघडले नाहीत. उलट मामाशी ओळख काढली, हातात हात घेतला आणि त्याला, बायकोला, शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"तुमची भाची म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला कल्पना नाही. हिनं कॉलेजात एक प्रदर्शन लावलं होतं. कल्पना हिची, मांडणी हिची, एकटीनं केलं सगळं. मी नुसता बघत होतो. अशी नजर मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या विद्यार्थ्यात पाहिली नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तूच निवड गं टाइल्स. तुझ्यावर सोडलं."

मामाची छाती फुगली. भाचीचं इतकं कौतुक त्यानं आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सरांना घासाघीससुद्धा करावी लागली नाही. घरचे आहात म्हणत मामानं आपण होऊन भाव उतरवला, आणि तिला म्हणाला, "सरांना आतला चांगला माल दाखव."

खारूताईनं वही पुढे ओढली आणि बाथरूमची मापं विचारली.