खुश गिऱ्हाइकांना एक विनंती

राजकोटात पारुलबेनचं विगचं दुकान चांगलं चालायचं, पण कोणी त्याबद्दल बोलेल तर शपथ. समोरच्या नव्या दुकानाने गिऱ्हाइकांचे व्हिडिओ टाकल्यापासून मात्र तिच्याकडची वर्दळ आटली. मग तिनेही खुश गिऱ्हाइकांची यादी काढली आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच निरोप धाडला.

‘बेन, आपला विग आवडला ना? मग अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवाल? खिडकीकडे तोंड करून बसा, फोन समोर टेकवून ठेवा. तीनच गोष्टी सांगा: आधी काय अडचण होती, पहिल्या दिवशी कसं वाटलं, आणि तुमच्यासारखीला काय सांगाल. पाठांतर नको, चुकलात तरी चालेल. तुमच्या होकाराशिवाय कुठेही टाकणार नाही.’

निरोप झकास जमला होता. फक्त एक गोष्ट बाईच्या ध्यानात आली नाही. विग लावणारी खुश असते, कारण तो विग आहे हे कोणाला कळत नाही. आता काय म्हणावं!

दुपारी यादीतल्याच हेतवीचा फोन आला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या. चाई पडून केस गेले होते, ते नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला नाही.

“मासी, फोन मम्मींच्या हातात होता. त्यांनी सगळं वाचलं.”

“काय म्हणाल्या गं?”

“फोन ठेवला आणि आत गेल्या. मला लई भीती वाटतेय.”

“चूक माझी आहे, बेटा. मी येऊन बोलू का त्यांच्याशी?”

“नको. आणखी नका वाढवू.”

लोकांच्या लेकींचे संसार आपल्या धंद्यापायी मोडायचे का, असं म्हणत पारुलबेन दिवसभर स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी हेतवीच्या नंबरवरून व्हिडिओ आला. खिडकीकडे तोंड करून सासूबाई, रमिलाबेन, बसल्या होत्या.

“आधीची अडचण सांगते. मी रोज म्हणायची, ये, डोक्याला तेल लावून देते. ही पळून जायची. मला वाटायचं, सुनेला माझा हात नकोसा आहे. मी रडलेय त्यावरून. पहिला दिवस म्हणाल तर कालचाच. काल तिने तो काढला. मी तिच्या नुसत्या डोक्यालाच तेल लावलं. आमच्या घरात आता तो खुंटीवर असतो, बाहेर जाताना घालते. माझ्यासारखीला काय सांगू? सुनेला विचारा गं, मनात कुढत बसू नका.”

पारुलबेनने पदराने डोळे पुसले. असा व्हिडिओ समोरच्या दुकानवाल्याच्या सात पिढ्यांना मिळाला नसता. तिने हेतवीला विचारलं, “टाकू का?”

उत्तर आलं. “मम्मी म्हणतात टाका. मला अजून धीर होत नाही, मासी.”

पारुलबेनने ‘बरं’ लिहिलं आणि व्हिडिओ पुसून टाकला.