एका मापाला तीस मिली

पेणच्या हॉस्पिटलातल्या सुरभी सिस्टरचा फोन आला, तेव्हा मी रोह्याच्या घरी एकटाच पेज ओरपत होतो. बायको, शीरा, गेल्यापासून एकट्यापुरती भाजी करायचा मला कंटाळा येतो. मुलं इस्राएलात. शुक्रवारी फोन करतात, काय जेवलो ते विचारत नाहीत.

“रूबेनकाका, तुमाला अरबी येतं ना? येमेनची बाई हाय, दोन महिन्यांचं बाळ. हायवेला गाडी ठोकली, नवऱ्याला मुंबईला हलवलाय. बाईची औषधं चालू हायत, डॉक्टर म्हणतात अंगावर पाजायचं नाय. दुधाच्या पावडरीच्या डब्यावरचं इंग्रजी तिला कळत नाय, नि मोबाइलनं भाषांतर करताना डब्यातल्या मापाचा घरातला चमचा केलान. दुपारी डिस्चार्ज हाय. मग लॉजवर ती एकटीच.”

बहारीनच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं मी औषधांचं स्टोअर सांभाळलं. पण अरबी बोलून आता सात वर्षं झाली होती. कुणाला तरी माझी गरज आहे, याचाच मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

सुरभीनं डब्याचा फोटो पाठवला, त्यात नेमका पाण्याच्या तापमानावर उजेड पडलेला. अंदाजानं आकडे भरणारी गाढवं मी पुष्कळ पाहिलीत. दुसरा फोटो मागवला. सत्तर अंश.

मग कागदावर अरबीत लिहिलं. पाणी उकळा, सत्तरपर्यंत निवू द्या, त्याखाली नको. बाटलीत आधी पाणी मोजा, मग पावडर. तीस मिलीला एक माप, नव्वदला तीन. माप सुरीनं सपाट करा, शीग नको. हलवा, बाटली नळाखाली धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. फोटो काढून पाठवला आणि सुरभीला फोनवर म्हटलं, “छापून तिला दे, मोठ्यानं वाचायला सांग. स्टोअरची शिस्त आहे.”

बाई थकल्या आवाजात वाचू लागली. पाणी पंच्याहत्तर अंश. पस्तीस मिलीला एक माप. तीन मापांना पंच्याण्णव.

मी माझा कागद पुन्हा पाहिला. तीन, सात, नऊ मी अरबी आकड्यांत लिहिले होते; शून्य मात्र आपलं, गोल. अरबीत तो गोल म्हणजे पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका. रोज, प्रत्येक बाटलीत पातळ दूध. पोर खंगत गेलं असतं आणि त्या माउलीला कारण कळलं नसतं. मी स्वतःला शिव्या घातल्या.

ठिपका फोटोत हरवेल म्हणून नव्या कागदावर सगळे आकडे अक्षरांत लिहून पाठवले. “आधीचा कागद फाड,” तिला अरबीत सांगितलं. फाडल्याचा आवाज ऐकला. या वेळी तिनं बरोबर वाचलं. सत्तर. तीस. नव्वदला तीन.

सुरभीसमोर तिनं बाटली तयार केली. मला बाळाचं नाव विचारायचं होतं, तिच्याशी थोडं बोलायचं होतं. पण तिनं फोन उशीजवळ ठेवला असावा, आणि विसरली.

बाळाचं रडणं थांबलं. चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज येऊ लागला. ती हळू आवाजात त्याच्याशी काहीबाही बोलत होती. माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं. बाटली रिकामी होईपर्यंत मी फोन कानाला धरून बसलो.