बारा किलोचं चाक

फारुकमिस्त्रींनी चाक मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं, सुताच्या दोरीनं आडवं-उभं बांधलं आणि दोरीला बोट लावून पाहिलं. तार छेडावी तशी ती वाजली.

"बराबर," ते म्हणाले. "आता कळमनुरीपर्यंत हलत न्हाई."

"अब्बा, सावकाश चालवा," सबीहा मागून म्हणाली. ती दुसऱ्या गाडीवर होती. पाठीवरच्या पिशवीत तीन किलोचं एक वजन, एक किलोचं एक आणि नायलॉनचा बारीक दोर.

"तू तुजं बघ बेटा. हे चाक म्या पैदा केलंय, मला म्हाईत त्याला कसं न्यायचं."

चाक खरंच देखणं होतं. भाकरीएवढं, दोन बोटं जाड, भरीव लोखंड. फारुकमिस्त्रींनी ते लेथवर इतकं गुळगुळीत फिरवलं होतं की सकाळचं ऊन त्यावर घसरत होतं. कडेला दोर बसायला खाच, मधे बेअरिंग. आडतीच्या काट्यावर वजन बरोब्बर बारा किलो भरलं होतं.

सबीहा कळमनुरीच्या ज्युनिअर कॉलेजात चार वर्षं तासिकेवर शिकवत होती. आज तिथल्याच कायम जागेसाठी तिचा नमुना तास होता. विषय तिनंच निवडला होता: दोरीला टांगलेली दोन वजनं आणि मधे स्वतःचं वजन असलेली कप्पी. आधीच्या उमेदवारानं पडद्यावर चित्रं दाखवली, असं तिच्या कानावर आलं होतं. ती चाकच घेऊन निघाली होती. जागा मिळाली तर घरापासून वीस मिनिटं. न्हाई मिळाली तर नांदेडच्या क्लासचं बोलावणं आलेलंच होतं, अन् मग अब्बांच्या लेथचा आवाज सुट्टीच्या सुट्टीला.

प्रयोगशाळेचं छप्पर पत्र्याचं, उंच. मधून लोखंडी गर्डर गेलेला. त्याला आकडा लावून फारुकमिस्त्रींनी चाक टांगलं, शिडीवरून उतरले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. बारावीची पोरं बाकांवर दाटीनं बसली होती. पुढे प्राचार्य आणि हिंगोलीहून आलेले विषयतज्ज्ञ विष्णुपंत, निवृत्त प्राध्यापक. चष्मा कपाळावर चढवून ते चाकाकडे बघत होते.

"एवढं मोठं कशाला हो, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"सर, लहान कप्पीचं वजन पुस्तकात सोडून देतात. हिचं सोडून दाखवा म्हणावं."

पोरं हसली. विष्णुपंतही हसले. चष्मा नाकावर आला.

सबीहानं चाकाच्या तोंडावर खडूनं मध्यापासून काठापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. मग खाचेवरून दोर सोडला. उजवीकडे तीन किलो, डावीकडे एक. एक किलोचं तिनं खाली ओढून धरलं, तसं तीन किलोचं वर राहिलं. खाली वाळूचं पोतं.

"मी धरलंय तोवर चाक गप्प आहे. आता सांगा, दोराला डावीकडे किती ताण? उजवीकडे किती?"

"सारखाच," पोरं एका सुरात.

"आणि सोडल्यावर?"

"सारखाच की! दोर एकच हाये," मागून कोणीतरी.

"न्हाई मॅडम," जाई उठून उभी राहिली. डोंगरकड्याची पोरगी. आजीच्या जात्यावर बसून वाढलेली, सूत्रंसुद्धा ओवीत घालून पाठ करणारी. "मी म्हणू का?"

प्राचार्यांनी भुवया उचलल्या. सबीहानं मान हलवली. जाईनं जागेवरूनच, लाज न धरता, म्हटलं:

"एक दोर दोन टोकं, मधी लोखंडाची थाळी
उजवी ओढ जास्त बाई, तवा थाळी गिरकी घाली."

"वा!" विष्णुपंत म्हणाले. "पण का जास्त?"

"काहून म्हंजे? दोन्हीकडून सारखंच ओढलं तर थाळी काहून फिरंल सर? तिला जागची हालवायला काहीतरी नको का?"

"बस, हेच," सबीहानं तीन किलोचं वजन अलगद वाळूवर उतरू दिलं आणि ती फळ्याकडे वळली. "दोर चाकाला धरून त्याला आपल्याबरोबर फिरवतो. जड चाकाचा वेग वाढवायचा तर बळ लागतं. ते दोन ताणांच्या फरकातून येतं."

तिनं तीन ओळी लिहिल्या; जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, ए म्हणजे वजनांचं. उतरणाऱ्या वजनाची एक: तीन जी वजा उजवा ताण बरोबर तीन ए. चढणाऱ्याची दुसरी: डावा ताण वजा एक जी बरोबर एक ए. आणि चाकाची तिसरी. भरीव चाकाचं जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरायला लागण्याला होणारा विरोध, निम्मं वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. फरकाला त्रिज्येनं गुणलं, "दोरी घसरत नाही म्हणून," असं बोलत फिरण्याचा वेग त्रिज्येतून दोरीच्या वेगाशी जोडला, आणि त्रिज्या दोन्ही बाजूंनी गळून गेली. उरलं ते स्वच्छ: दोन ताणांचा फरक म्हणजे सहा ए.

"तिन्ही ओळी एकमेकींत मिळवा. ताण एकमेकांना खाऊन टाकतात. खाली काय राहतं?"

"दोन जी बरोबर दहा ए!"

"म्हणजे ए?"

"एक पूर्णांक शहाण्णव!"

"उजवा ताण साडेतेवीस न्यूटन, डावा पावणेबारा," सबीहानं लिहिलं. "दोर एकच. पण एकीकडे दुसरीच्या दुप्पट."

"मॅडम, टेन्शन दोन अन् पेपर एक," ऐश्वर्या पुटपुटली. पहिला बाक खिदळला.

"तुझं तिसरं टेन्शन मी तपासणार आहे, ऐश्वर्या. आता ऐका. वजन दोन मीटर वीस सेंटीमीटर उतरणार. चाकाचं वजन धरलं तर दीड सेकंद लागायला हवेत. सोडून दिलं तर ए येतो चार पूर्णांक नऊ, आणि एक सेकंदसुद्धा लागणार नाही. मोबाईल हळू चित्रणावर ठेवलाय. बघू लोखंड कुणाची साक्ष देतं."

तिनं डावं वजन ओढून तीन किलोचं पुन्हा वर नेलं आणि हात सोडला.

वजन धाडकन वाळूत. ऐश्वर्यानं मोबाईलवरचे आकडे मोजले, परत मोजले. "मॅडम, एक पूर्णांक एक."

प्राचार्यांनी खुर्चीत जागा बदलली. विष्णुपंतांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, हे दीडपेक्षा बरंच कमी आहे. चाक हलकं असल्यासारखं वागलं. आता पोरांना काय सांगणार?"

प्रश्न खोचक नव्हता, पण धारदार होता. दाराशी उभ्या फारुकमिस्त्रींना लेकीची नोकरी वाळूच्या पोत्यात रुतलेली दिसली.

सबीहा मात्र घाबरली नाही. तिन्ही ओळींवर तिचा विश्वास होता. "सर, घर्षणानं अडलं असतं तर वेळ जास्त लागला असता. इथं कमी लागलाय. आणि हा आकडा दोन्ही हिशेबांत बसत नाही. चाकानं आपला वाटा उचललाच नाही. मला रेघ बघू द्या."

तिनं मोबाईल घेतला आणि चित्र पुढे सरकवलं. दोर झरझर पळत होता. पांढरी रेघ मात्र मंगळागौरीला दमलेल्या बाईसारखी हळू हळू वळत होती.

"जाई, ये. खाचेचा घेर पाऊण मीटरहून किंचित जास्त. दोर दोन मीटर वीस गेला. चाक किती फिरायला हवं?"

"जवळजवळ तीन फेरे."

"आणि रेघ?"

जाईनं डोळे बारीक केले. "पाऊण फेरा पण न्हाई मॅडम! दोर धावून राहिला अन् चाक रेंगाळून राहिलं."

"म्हणजे दोर घसरला. तिसरी ओळ लिहिताना मी काय म्हटलं होतं?"

"दोरी घसरत नाही म्हणून..."

"तीच अट मोडली. घसरत्या दोरानं चाकाला पुरतं धरलं नाही. दोन ताणांतला फरक जेवढा हवा तेवढा पडलाच नाही, आणि वजनं चाकाचं ओझं न वाहताच पळाली. आता का घसरला ते बघू."

ती शिडी चढली, खाचेत बोट फिरवलं. बोट चकाकलं. तिनं दाराकडे पाहिलं.

फारुकमिस्त्रींनी आपले दोन्ही तळवे उघडून पाहिले. "बेटा," ते हळूच म्हणाले, "म्या सकाळी तेल लावलं. पूर्ण. तोंड तेवढं मग चमकायला फडक्यानं पुसून काढलं. आमच्या दुकानातनं लोखंड कोरडं कवाच न्हाई जात. गंज चढतो ना. खाचेत तर दोनदा लावलं, म्हटलं दोर सुखानं जाईल."

बाकांवर कुणीतरी हसायला लागलं. सबीहा वरूनच म्हणाली, "हसू नका. बेअरिंगला तेल हवंच होतं, नाहीतर चाक फिरलंच नसतं. खाचेत मात्र नको होतं. एकाच चाकाला एके जागी मोकळीक लागते आणि एके जागी पकड. तेलाचं मी विचारायला हवं होतं, ते राहिलं. सर, दहा मिनिटं द्याल?"

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. विष्णुपंतांनी पाहिलंच नाही. "द्या हो. मलाही बघायचंय."

शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीतून स्पिरिट आलं. फारुकमिस्त्रींनी खांद्यावरचा रुमाल भिजवला, शिडी चढले आणि खाच पुसायला लागले. लेकराचा कान धुवावा तशी, बोटाच्या टोकानं, सगळीकडून. मग सबीहानं डस्टर झटकून खडूची पूड खाचेत भुरभुरली.

"दोर पण तेलकट झालाय," जाई म्हणाली.

सबीहानं पिशवी चाचपली. दुसरा दोर नव्हता. फारुकमिस्त्री बाहेर गेले आणि मोटारसायकलची सुताची दोरी घेऊन आले. कोरडी, खरखरीत.

"हिनं धरलं की धरलं," ते म्हणाले.

पुन्हा उजवीकडे तीन, डावीकडे एक. पांढरी रेघ वर आणून ठेवली. सबीहानं हात सोडला.

या खेपेला वजन पडलं नाही, उतरलं. दोरीबरोबर चाक सरसरलं, पांढरी रेघ गोल गोल होत पांढरं वर्तुळ झाली, आणि वजन वाळूत बसल्यावरही चाक आपल्याच नादात घुमत राहिलं. जाईचे ओठ हलत होते. ती फेरे मोजत होती.

"तीनाला थोडे कमी!"

"एक पूर्णांक चोपन्न!" ऐश्वर्या ओरडली.

"वरचे चार शतांश?" विष्णुपंतांनी लगेच विचारलं.

"बेअरिंगचं थोडं घर्षण, सर. आणि हवा. ते मी शून्य धरलं होतं. चोपन्न आलं म्हणून मला बरं वाटलं. बरोब्बर पन्नास आलं असतं तर मीच शंका घेतली असती."

विष्णुपंत उठले. चाक अजून मंद फिरत होतं. त्यांनी त्याला तळवा लावून थांबवलं, आणि थांबवताना हाताला बसलेला रेटा अनुभवत क्षणभर तसेच उभे राहिले. मग प्राचार्यांकडे वळून हलकेच काही बोलले. प्राचार्यांनी मान डोलावली.

फारुकमिस्त्री शिडी लावायला पुढे झाले. "काढतो साहेब, जागा मोकळी करून देतो."

"मिस्त्री, राहू द्या ते," विष्णुपंत म्हणाले. "माझी शिफारस मी आजच लिहितोय. नेमणुकीचा कागद यायचा तेव्हा येईल, पण दोन ताणांचा हा धडा या वर्गाला याच मॅडम पुरा करतील. मग चाक नेऊन परत आणायची तकलीफ कशाला?"

सबीहानं अब्बांकडे पाहिलं. त्यांचे डोळे चाकावर होते.

"गंज चढंल ना साहेब," ते म्हणाले.

"अब्बा, पोरं लावतील तेल," सबीहा म्हणाली. "नुसतं बेअरिंगला."

"अन् खाचेला खडू," जाईनं जोडलं.

फारुकमिस्त्रींनी खिशातली तेलाची छोटी कुपी काढली, जाईच्या हातात दिली आणि बाहेर आले. गाडीची सीट रिकामी होती, बांधायला दोरीही नव्हती. त्यांनी सीटवरून एकदा हात फिरवला आणि लेकीला हाक मारली, "चल बेटा, आता माझ्याच मागं बैस. ती दुसरी गाडी उद्या नेऊ."