वक्त्याच्या पाठीवरची होडी

तुलिफाऊ बोलायला उभा राहिला की बेटावरच्या सलाफाई गावातली पोरं खेळ सोडून ऐकत बसत. तो गावाचा वक्ता होता, घराण्याने नेमलेला. हातात उंच काठी, खांद्यावर माश्या वारायचा काथ्याचा झुपका, आणि तोंडात असे शब्द की ऐकणाऱ्याला आपले पूर्वजच समोर येऊन बसल्यासारखे वाटावे. एक गोष्ट मात्र लोकांना ठाऊक होती आणि ती कोणी बोलत नव्हतं. बाकीचे वक्ते उघड्या अंगाने उभे राहत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेली काळी नक्षी दाखवत. तुलिफाऊ सालीचं कापड छातीपर्यंत गुंडाळून उभा राही. त्या कापडाखाली कोरी कातडी होती.

त्याचे वडील पाद्री होते आणि गोंदणं त्यांना खपत नसे. वडील वारले तेव्हा तुलिफाऊ म्हणाला, आता गुडघे दुखतात. मग म्हणाला, आता पोट सुटलंय. खरं कारण त्याच्या बायकोला, मोएलागीला, पक्कं ठाऊक होतं. साधा काटा रुतला तरी हा माणूस डोळे मिटून घ्यायचा.

त्या वर्षी त्याचा भाचा मलाकी आणि पुतण्या एकुएता असे दोघे जोडीने गोंदवून घ्यायला बसणार होते. एकट्याला गोंदायचं नाही, एक सोसतो तेव्हा दुसरा विसावतो आणि धीर देतो, हा उस्ताद लाउफिसोच्या घराण्याचा नियम. उस्तादाला तलम चटया आणि डुक्कर देताना भाषण अर्थातच तुलिफाऊचं. आणि बोलता बोलता गडी रंगात आला.

"उस्ताद, ही दोन पोरं तुमच्या ओटीत घातली! दोघं निजतील, दोघं उठतील! आणि यातलं एक जरी मध्येच उठून गेलं, तर त्याच्या जागी हा तुलिफाऊ आडवा होईल!"

वाहवा झाली. मोएलागीने मात्र पंखा चालवणं थांबवून नवऱ्याकडे पाहिलं.

काम सुरू झालं. लाउफिसोच्या हातात रानडुकराच्या सुळ्याची दातेरी फणी, लांब दांड्याला कासवाच्या कवचाच्या पट्टीने बसवलेली. लामा नावाच्या झाडाच्या तेलकट बिया जाळून धरलेल्या काजळीत ती बुडवायची, कातडीवर टेकवायची आणि दुसऱ्या हातातल्या काठीने दांड्यावर ठोकायचं. दोन मदतनीस दोन बाजूंनी कातडी ताणून धरत आणि रक्त पुसत. आधी पाठीवर आडवी होडी, मग तिच्याखाली घराच्या वाशांसारख्या रेघा, बरगड्यांकडे वळत जाणाऱ्या. भोवती बसून घरच्या बायका गात होत्या. उशाशी तुलिफाऊ.

"अरे, डास चावतोय रे नुसता!" तो मलाकीला म्हणे. "आमच्या वेळी डास याहून मोठे होते!"

"तुमच्या वेळी तुम्ही कुठे होतात, मामा?" मलाकी दात आवळून विचारी, आणि सगळं घर हसे.

दोघांच्या पाठी झाल्या. कंबर सुरू व्हायची त्या सकाळी एकुएताची चटई रिकामी सापडली. पोरगा पहाटेच्या बोटीने शेजारच्या उपोलू बेटावर पळाला होता. त्याची आई मान खाली घालून बसून राहिली. लाउफिसोने फण्या पुसल्या, गुंडाळल्या आणि शांतपणे म्हणाला, "जोडीशिवाय मी पुढे हात लावत नाही."

मलाकी पालथा पडून होता. पाठ पुरी, खाली कोरा. असाच राहिला तर जन्मभर अर्धवट. बैठकीत मोठ्यांना कावा या मानाच्या पेयाची वाटी द्यायला पुढे होता येणार नाही, आणि नाव निघालं की सगळ्या घराण्याची मान खाली जाणार. त्याने मान वळवून नुसतं मामाकडे पाहिलं.

सगळेच तुलिफाऊकडे पाहू लागले.

"मी... म्हणजे ते भाषण होतं," तुलिफाऊ म्हणाला.

"चटया घेऊन ऐकलंय मी ते," उस्ताद म्हणाला.

"अहो, माझं पोट तरी बघा!"

"कातडी भरपूर आहे," उस्ताद म्हणाला. "ताणायला आणखी एक माणूस लागेल एवढंच."

घर हसून लोळलं. मोएलागी उठली, नवऱ्याच्या छातीवरच्या कापडाची गाठ सोडली आणि ते कमरेला बांधून दिलं. "चला," ती हळूच म्हणाली. "माझ्या मांड्यांवरचं काम झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मेले नाही."

पहिला ठोका पडला आणि तुलिफाऊची वाचा बंद झाली. गावाने हे पहिल्यांदाच पाहिलं. होडी उमटली, वासे उमटले, आणि तो हुं की चूं न करता चटईत बोटं रोवून पडून राहिला. संध्याकाळी समुद्राच्या पाण्यात बसवून पोरं त्याचं अंग चोळत, साचलेलं रक्त आणि काजळी काढत, तेव्हा मात्र त्याच्या शिव्या पार प्रवाळाच्या रांगेपर्यंत ऐकू जात. रात्री कोणीतरी जागं राहून वारा घाली, कारण ओल्या नक्षीच्या माणसाला एकटं सोडत नाहीत. मामाची पाठ भाच्याच्या बरोबरीला येईपर्यंत मलाकी थांबून राहिला. मग दोघं आळीपाळीने पुढे चालले: कंबर, ढुंगण, मांड्यांचा दाट काळा भाग.

मांडीच्या आतल्या बाजूला तुलिफाऊ मोडला. तो कोपरांवर उठला. चेहरा राखेसारखा झाला होता. "पुरे," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही होत."

गाणं थांबलं. उस्तादाने काठी खाली ठेवली. आपण उठून गेलो तर दोघांचंही काम अर्धवट राहणार, हे तुलिफाऊला कळत होतं. तरी त्या क्षणी त्याला फक्त पळायचं होतं.

मलाकी आपल्या चटईवरून सरपटत आला. त्याची स्वतःची मांडी सुजली होती. त्याने मामाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी वाकला.

"मामा. डास चावतोय नुसता."

तुलिफाऊला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. दोन्ही थांबेनात. "गाढवा," तो म्हणाला, "केवढा मोठा डास आहे हा!" आणि पुन्हा आडवा झाला. बायकांनी गाणं उचललं, आधीपेक्षा मोठ्या आवाजात.

शेवटी बेंबी. तिच्याभोवतीची ती छोटी नक्षी झाली की काम मिटतं, त्याआधी नाही. आधी मलाकीची झाली, मग मामाची. काम पुरं झाल्याची खूण म्हणून उस्तादाने दोघांच्या डोक्यावर अंडं फोडलं, अंगभर खोबरेल चोळलं, आणि दोघं तकतकीत होऊन उन्हात उभे राहिले. तारोचे कंद, नारळाच्या दुधातला पाला आणि डुक्कर, सगळं मांडलेलं होतं. आता आभाराचं भाषण, आणि ते तुलिफाऊचंच.

काठी टेकवून तो उभा राहिला. कापड कमरेला, तेही वर खोचलेलं. लोक मांड्या घालून ऐसपैस बसले; जेवण थंड होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मोएलागी त्याच्या पाठीमागे बसली होती, आणखी कसलं वचन द्यायला लागला तर ओढून बसवायला. तिच्यासमोर त्याच्या पाठीवरची होडी होती, श्वासागणिक वरखाली होणारी. ती पाहता पाहता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

तुलिफाऊने मलाकीकडे पाहिलं, मग उस्तादाकडे.

"दोघं निजले," तो म्हणाला. "दोघं उठले."

आणि जेवायला बसला.