भाकरीचं भ्या

हिलाल नाना बरे झाले. दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन ओट्यावर बसले, आणि काहीच झालं नाही. पण हे अजून घडलेलं नाही, असं समजून आता पुढं वाचा, कारण आजाराच्या त्या वर्षभरात असं कधी घडेल, असं गावात कुणाला वाटलंच नव्हतं.

नाना पाटकरी होते. चाळीसगाव तालुक्यातल्या आपल्या गावाला पाटाचं पाणी पाळीप्रमाणे सोडायचं, हे त्यांचं काम. पाळी संपली की दार बंद. समोर सख्खा साडू उभा असला तरी बंद. साहजिकच निवृत्तीनंतर त्यांच्या ओट्यावर कुणी बसायला येत नसे. बायको भिकुबाई होती तोवर भांडायला तरी माणूस होतं. ती गेली आणि घर एवढं शांत झालं, की नाना बिडी ओढताना मुद्दाम खोकत.

त्यानंतर काही महिन्यांनी पोट दुखायला लागलं. जेवलं की अर्ध्या तासात बेंबीच्या वर कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. तास-दोन तास आवळलेलंच राहायचं, मग आपोआप सुटायचं. उपाशी असलं की काही नाही. जास्त खाल्लं की जास्त. नानांनी आधी अर्धी भाकरी केली, मग चतकोर, मग भाकरी दिसली की घाम. धोतर कमरेला बसेना, गालांची हाडं वर आली.

गावानं निदान केलं. बायकोच्या आठवणीनं अन्न सोडलं.

नानांच्या आयुष्यात हे प्रथमच झालं, की कुणी त्यांच्याबद्दल चांगलं बोललं. बाया डबे आणू लागल्या. डबे गल्लीतला कुत्रा खाई. तो इतका फुगला, की सायकलवाल्यामागं धावायचं सोडून नुसता बसून भुंकू लागला. गल्लीत सासवा आपल्या जावयांना नानांचा दाखला देऊ लागल्या. भिकुबाई हयात असताना नाना तिच्याशी शेवटचं गोड कधी बोलले, हे कुणाला आठवत नव्हतं. खुद्द नानांनाही नव्हतं.

"नाना, काय जेवनात?" कुणी विचारलं की नाना म्हणत, "इच्छाच नही."

ते खोटं होतं. रात्री उपाशी पोटी त्यांना शेवभाजी स्वप्नात येई. पण भूक लागते असं सांगितलं असतं, तर ओट्यावर बसायला आलेली माणसं उठून गेली असती.

चाळीसगावला एका डॉक्टरकडे दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. दोन्ही नॉर्मल. गॅसच्या गोळ्या मिळाल्या आणि मन शांत राहण्याच्या गोळ्या मिळाल्या. नाना आधीच इतके शांत होते, की गोळ्या घेऊन ते थेट झोपले. मुलगी हेमांगी धुळ्याहून फोन करी, "नाना, जेवनात ना?" ते म्हणत, "हो." फोन संपे.

मग भजनी मंडळाचे रुपचंद गुरुजी उभे राहिले. या युगात अशी निष्ठा पाहायला मिळत नाही, म्हणून नानांचा सत्कार ठरला. ज्या माणसानं अन्न सोडलं त्याच्या सत्कारासाठी अख्ख्या गावाची पंगत बसवायची, हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. वडिलांची निष्ठा बघायला हेमांगीही आली, आणि वडील बघून दारातच थांबली. सत्काराची शाल नानांच्या खांद्यावर राहत नव्हती. टेकायला खांदाच नव्हता.

"नाना, एक घास. भिकुबाईना नावनं," गुरुजी म्हणाले.

मागून दुसरा म्हणाला, "एक मना नावनं." गावात नावं पुष्कळ होती. नानांनी वरण-बट्टी खाल्ली, गुळाचा शिरा खाल्ला. इतक्या लोकांत बसून जेवायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही.

गुरुजींचं भाषण रंगात आलं तेव्हा नाना खुर्चीत दुमडले. पोट धरलं, कपाळावर घामाचे थेंब.

"बघा," गुरुजींनी नानांकडे बोट दाखवलं, "आठवण उनी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बाया रडल्या. हेमांगी तेवढी खुर्च्या ओलांडत पुढं आली.

हेमांगी नानांना धुळ्याला घेऊन गेली आणि डॉक्टर सदफ यांच्यासमोर बसवलं. डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट बाजूला ठेवले.

"नाना, भूक लागते का?"

नानांनी दाराकडे पाहिलं. "गावनं कोनी शे का बाहेर?"

"कुणी नाही."

"मंग सांगस. भूक तर अशी लागस का, खुर्ची खाई टाकू."

हेमांगी वळून बघू लागली. "मंग जेवतस का नही?"

"भ्या वाटस."

"कशानं?"

"भाकरीनं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "दुःखानं भूक मरते," त्या म्हणाल्या. "यांची जिवंत आहे, हे खायला घाबरतात. फरक आहे." किती वेळानं दुखतं, किती खाल्ल्यावर, बिड्या किती, सगळं विचारलं. पायाच्या नाड्या चाचपल्या, त्या मंद होत्या. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. आत सूं-सूं आवाज होता. "प्रत्येकाला हा आवाज सापडतोच असं नाही. पण आहे, तर बघायलाच हवं."

मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून, शिरेतून औषध सोडून सीटी अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आतड्यांना रक्त देणाऱ्या तीन मोठ्या रक्तवाहिन्या. ही बंद. ही मुख्य, हिच्या तोंडाशी चरबी आणि चुन्याचा थर. दोऱ्याएवढी वाट उरलीय. तिसरी एकटी किती पुरणार?"

"मंग दुर्बिणीमा कसं दिसनं नही?"

"दुर्बीण आतड्याच्या आतून बघते, नाना. ही नळी बाहेरून येते. साध्या सोनोग्राफीतही सुटू शकते. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं, पचवायचं असतं ना. निरोगी माणसात ते वाढतं. तुमच्यात वाढत नाही, म्हणून आतडं कळवळतं. उपाशी असताना थोड्यावर भागतं."

"म्हंजे पाळी मनीच आणि दार बंद."

"तसंच. आणि एखाद्या दिवशी रक्ताची गाठ अडकून उरलेली वाट अचानक बंद झाली, तर आतडं सडतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो. असह्य दुखलं की फोन न करता थेट दवाखान्यात निघायचं."

नाशिकला मांडीतून बारीक नळी घालून त्या दोऱ्याएवढ्या वाटेत जाळी बसवली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. बिडी बंद झाली. तिच्यासाठी मात्र नाना खरंच रडले. जेवण मात्र सुरू झालं, आधी थोडं थोडं, मग पोटभर. मूठ आवळली गेली नाही.

गावात बातमी पोचली, की नाना जेवतात.

"म्हंजे विसरना बाईले," बाया म्हणाल्या आणि डबे बंद झाले. गुरुजींनी शाल परत मागितली नाही, एवढंच. ओट्यावरची माणसं एकेक करून उठली, जणू पाणी संपलं होतं. हेमांगी धुळ्याला परतली. फोनवर ती आता खरं उत्तर ऐकायची आणि तरी फोन संपायचा.

ताट भरलेलं, भूक लागलेली, पोट तयार. नाना समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत बसत. मग एका दुपारी त्यांनी कागद घेतला.

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब.

विषय : जेवतेवेळी समोर बसण्यासाठी एक इसम मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, अर्जदारास आता अन्न पचते व त्याविषयी वैद्यकीय कागदपत्रे जोडली आहेत. तरी दुपारच्या वेळी एक इसम अर्जदाराच्या समोर बसावा. सदर इसमाने बोलणे बंधनकारक नाही. जेवलाच तर त्यास हरकत नाही. इसमाची पाळी संपल्यावर त्यास उठण्याची घाई करण्यात येणार नाही. तरी मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
हिलाल पाटकरी (निवृत्त)