चिमूटभर सोडा

सकाळी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्ही आज दोन का दिसताय?"

"एक पुरत नाही वाटतं तुला!" मी हसत म्हटलं. आम्ही दोघी घरी सॉस करून बाटल्या विकतो. पहाटे उठायचं म्हणून तिचे डोळे जड, एवढंच मला वाटलं. पण तिच्या पापण्या अर्ध्यावरच लोंबत होत्या, बोलताना जीभ अडखळत होती आणि पाण्याचा घोट गळ्याखाली उतरेना. ताप मात्र अजिबात नाही. माझं हसू जागीच विरलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी बाटलीबंद केलेलं काही खाल्लंत?"

"टोमॅटोचा सॉस," मी ताडकन म्हणाले. "भाजलेली ढोबळी मिरची, लसूण घालून. पण आम्लता मी स्वतः मोजते. पीएच चार पूर्णांक सहाच्या खाली असल्याशिवाय बाटली भरतच नाही. या वेळी सव्वाचार होता!"

धाकटीनं माझा हात धरला. शब्द नीट फुटेनात.

"सोडा... तुम्ही बाटल्या उकळत होता तेव्हा... फार आंबट होता म्हणून. फेस आला, मग बसला."

मोजलं मी, आणि मोजल्यावर हिनं सोडा घालून आंबटपणाच मारला! व्हिनेगर कशासाठी घालतो? मातीतून लसूण-मिरचीबरोबर आलेले जंतूंचे बीजाणू साध्या उकळीला भीक घालत नाहीत. आम्ल असलं की ते निपचित पडून राहतात. ते गेलं, वर हवाबंद झाकण, की आत निवांत विष तयार. वास नाही, चव नाही. काल तिनं त्या महिन्यापूर्वी केलेल्या सॉसची नवी बाटली फोडून गार सॉस पावाला लावून खाल्ला होता. मला उपास होता. बाकी सगळ्या बाटल्या अजून कोठीतच होत्या.

मी घरी धावले. त्या फोडलेल्या बाटलीत हातमोजे घालून मीटर बुडवला. पाच पूर्णांक दोन. मी पुन्हा बुडवला. तेच.

परत आले तेव्हा तिला विषावरचा उतारा टोचला होता आणि श्वासाच्या यंत्राला जोडलं होतं. नसांना आधीच चिकटलेलं विष उताऱ्यानं सुटत नाही, म्हणे; नसा आपोआप सावरायला आठवडे लागतात. ती मिटल्या डोळ्यांनी पडली होती, बोटसुद्धा हलत नव्हतं.

माझा तोल गेला. "गाढवे! कुणी सांगितलं होतं तुला अक्कल चालवायला? मला एक हाक मारायला काय झालं होतं? मेलीस तर मी तुझ्या नवऱ्याला काय तोंड दाखवू?" मी ओरडत होते, रडत होते, बडबडत होते.

नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू बोला. या बेशुद्ध नाहीत. फक्त स्नायू हलत नाहीत. त्यांना सगळं ऐकू येतंय."

मी वळून बघितलं. मिटल्या पापणीखालून पाणी ओघळून तिच्या कानात चाललं होतं.